दोनदा माप

शिलाईवाल्या मावशी दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. परवा दुपारी अनोळखी नंबरवरून परगावच्या लेकीचा रडका आवाज आला.

"आई, अपघात झालाय, माझा फोन फुटला. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून लगेच पैसे भर. फोन ठेवू नकोस."

"ठेवते. तुझ्या नंबरवर लावून बघते."

"माझ्यावर विश्वास नाही?"

मावशींनी फोन ठेवला. लेकीच्या नंबरवर लावला, तिने उचलला नाही. मग तिच्या मैत्रिणीला लावला.

"ती? समोरच जेवतेय. देते."

"काय गं आई?"

अगदी तोच आवाज. मावशींना हायसं वाटेना.

"आधी सांग, तुझ्या शाळेच्या फ्रॉकला कुठला खिसा मी उलटा शिवला होता?"

"डावा. आई, झालंय काय?"

"कुणीतरी तुझ्याच आवाजात पैसे मागत होतं गं," मावशी मशीनपाशी बसत म्हणाल्या.