जावयांची लेक

जावयांचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी नारळ खवत होते. "आई, मुलगी झाली. काल संध्याकाळी. दोघी बऱ्या आहेत," एवढंच ते म्हणाले.

आमची एकुलती एक लेक काविळीनं गेली, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तिला मूल नव्हतं. जावयांनी दुसरं लग्न करावं म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. त्यामुळे या फोनची मी मनातून वाटही पाहत होते.

"अभिनंदन हो! फार आनंद झाला," मी म्हटलं. "बाळाला उदंड आयुष्य लाभू दे. तिच्या आईला आम्हा दोघांचे आशीर्वाद सांगा. सिझर झालं का?"

"हो, सिझरच करावं लागलं."

"मग तिला नीट विश्रांती घेऊ दे. माहेरी गेली, जरा सावरली, की बघायला येईन. तुम्हा सगळ्यांच्या सोयीनं. घाई काही नाही."

"या ना, आई." ते म्हणाले. माझा आवाज मात्र शेवटपर्यंत नीट राहिला.

हे देवापाशी बसले होते. घरात मूल जन्मलं की सोयर लागतं, पूजा बंद ठेवतात. मी सवयीनं विचारायला गेले, "आज पूजा करायची ना?"

"अगो, आपल्याला कसलं सोयर?" ते हळूच म्हणाले आणि त्यांनी निरांजन लावलं. मी तिथंच खाली बसले. सोयर लागायलाही नातं लागतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

बाळंतीण माहेरी लांज्याला आली असं कळल्यावर मी तिच्या आईला फोन केला. अभिनंदन केलं, बाळ दूध नीट पितंय ना, रात्री जागवतं का, ते विचारलं. मग म्हटलं, "तासभरच येईन. तिची अंघोळ-शेक, बाळाची झोप सांभाळून तुम्ही सांगाल त्या वेळी."

त्या म्हणाल्या, "सध्या नकोच, ताई. बारसं सव्वा महिन्यानं करणार आहोत. मग बघू."

"बरं, बरं. तुमच्या सोयीनं," मी म्हटलं. त्यांचा राग नाही आला. मेलेल्या सवतीची आई आपल्या लेकीच्या खाटेशी बसावी, असं कुठल्या आईला वाटेल?

दोन दिवसांनी बाळंतिणीचाच फोन आला. "आई, माझ्या आईचं बोलणं मनावर घेऊ नका. बारशाआधीच या. चारच्या सुमाराला बाळ जागं असतं."

मी मऊ मलमल आणून दोनदा धुतली आणि झबली शिवली. माझ्या लेकीची कुंची कपाटात होती, ती नेली नाही. त्या बाळाला जुनं, दुःखाचं काही लागायला नको. डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते फोनवर विचारून हळिवाचे लाडू केले आणि एसटीनं एकटीच गेले. यांच्यानं येववलं नाही.

हातपाय धुऊन खोलीत गेले. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. धुरीचा आणि दुधाचा वास येत होता. "औक्षवंत हो गं बाय," एवढंच मी म्हटलं. फार कौतुक केलं नाही. तिची आई दारात उभी होती.

"आई, एक विचारायचं होतं," बाळंतीण म्हणाली. "बारशाला हिला ताईंचं, तुमच्या लेकीचं, नाव ठेवावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. तुम्हाला चालेल?"

तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला. बाळानं माझं बोट धरलं होतं. मला 'हो' म्हणावंसं वाटलं. ते नाव घेऊन पुन्हा कुणीतरी मोठ्यानं हाक मारावी, अंगणातून 'आले' अशी ओ यावी, यासाठी माझा जीव किती तुटत होता ते मलाच ठाऊक.

"नको गं," मी म्हटलं. "हिला हिचं स्वतःचं नाव असू दे. तू हौसेनं काही मनात योजलं असशील ना, तेच ठेव."

ती रडायला लागली. "बाळंतिणीनं रडू नये, टाके दुखतील," म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. निघताना तिच्या आईनं मला कुंकू लावलं, ओटी भरली आणि त्या म्हणाल्या, "ताई, बारशाला तुम्ही यायचंच."

"येते," मी म्हटलं.

पण बारशाच्या सकाळी साडी नेसून तयार झाले आणि पाऊल उचलेना. पाळण्याभोवतीच्या बायकांत बाळाची आजी म्हणून उभं राहायचं तर कुठं, हे मला कळेना. बारशाची वेळ झाली तशी मी जावयांना फोन केला, आशीर्वाद दिले, गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. फोनमध्ये मागे बायका पाळणा म्हणत होत्या. जावयांनी बाळाचं नाव सांगितलं. फार गोड नाव होतं. "छान आहे हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दुपारपर्यंत मी त्याच साडीत बसून होते.