'म' कमी पडला तेव्हा

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात असताना मी गिरगावातल्या एका छापखान्यात माझा बत्तीस पानांचा कवितासंग्रह पदरमोड करून छापायला दिला. पाचशे प्रती काढा म्हटलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे वयस्कर कंपोझिटर म्हणाले, "नातेवाईक धरून दोनशे पुरतील." दोनशे ठरल्या.

सोळा पानं जुळली आणि काम थांबलं.

"'म'चे खिळे संपले," ते म्हणाले. "सगळे सभेच्या पत्रकांत अडकलेत. मुंबई, महाराष्ट्र, मागणी. तुमच्या कवितांत 'मी' जरा जास्तच आहे. काही काढता येतील?"

मला राग आला. तरी जुळलेल्या पानांची प्रुफं आणि उरलेलं हस्तलिखित घेऊन घरी बसलो. तेवीस ठिकाणचा 'मी' खोडला. अर्थ कुठेच बिघडला नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

प्रकाशन चाळीतल्या आमच्या खोलीत झालं. पंधरा माणसं होती. पाहुणे म्हणून कंपोझिटरांनाच बोलावलं, कारण सगळ्या कविता वाचलेले ते एकटेच होते.

ते उभे राहिले. "खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. जुळवताना मी या कविता उलट्याच वाचल्या. आता सुलट वाचून बघतो."

आणि खाली बसून ते खरंच वाचू लागले. चहा गार झाला, तरी कुणी उठलं नाही.