अडकलेलं रिचार्ज

आमच्या मामांच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला होता. स्केचपेनने, मोठ्या अक्षरांत: ‘अडकलेलं रिचार्ज पुन्हा मारणार नाही. वाद घालू नये.’ वाद घालणाऱ्यांनी तो वाचलेला नसायचाच. मग मामा काही न बोलता पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचे आणि समोरचा आणखी चिडायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, दुकान केलं, असं आई म्हणते. आधी त्या जागेत नाण्यांवर चालणारा फोन होता, मग खरवडायची कार्डं आली, आता मोबाइलवरचं ऍप. जागा तीच, स्टूल तेच, मामाही तेच. मी त्याच दुकानात अर्ध्या भागात झेरॉक्सचं मशीन चालवते. त्यामुळे मामांचा स्वभाव मला रोज आठ तास फुकट बघायला मिळतो.

त्यांची एक पद्धत होती. नंबर कुणी कागदावर लिहून दिला तरी चालायचा नाही, तोंडाने सांगायला लावायचे, दोन-दोन आकडे. मग स्क्रीनवरून परत वाचून दाखवायचे. गिऱ्हाईक ‘हो’ म्हटल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. चुकीच्या नंबरावर गेलेलं रिचार्ज परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “बाण आणि रिचार्ज,” असं म्हणून ते स्वतःच हसायचे. इतक्या वर्षांत एकही चुकीचा नंबर गेला नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

पुठ्ठ्याचीही गोष्ट होती. एकदा एका टेम्पोवाल्याचं रिचार्ज मध्येच लटकलं. ऍपवर ना यशस्वी, ना अयशस्वी, नुसतं ‘प्रक्रियेत’. तो घाई करत होता म्हणून मामांनी पुन्हा मारलं, आणि तासाभराने दोन्ही लागू झाली. यशस्वी झालेलं मागे घेता येत नाही, असं कंपनीने सांगितलं. दुसऱ्या रिचार्जचे पैसे टेम्पोवाला देईना. वर भर रस्त्यात मामांना चोर म्हणाला. पैशाचं मामांना काही वाटलं नाही, पण तो शब्द त्यांनी मनाला लावून घेतला. दुसऱ्याच दिवशी पुठ्ठा आला.

एका शनिवारी दुपारी काजवाल्या मावशी आल्या. या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. गल्लीतले सगळे शिंपी शर्ट त्यांच्याकडे काज-बटणाला पाठवायचे. आता त्यांचा एक डोळा पांढरा पडला होता आणि दुसऱ्याने सुईचं भोक दिसत नव्हतं, म्हणून काम सुटत चाललं होतं. डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्यांचं नाव यादीत होतं. कुणी दान केलेला डोळा आला की हॉस्पिटल फोन करणार, मावशींनी त्याच दिवशी पोचायचं, नाही लागला फोन तर पुढच्या माणसाला. तो फॉर्म मीच भरून दिला होता. ‘पर्यायी नंबर’ असा रकाना होता. मावशी म्हणाल्या, “एकटीला कुठला गं दुसरा नंबर? लिही तोच.” मीही हसून तोच लिहिला.

“माझा फोन मेलाय का बघ बरं,” मावशींनी बटणांचा फोन काउंटरवर ठेवला. “शेजारीण म्हणते लागत नाही.”

मी मेसेज उघडले. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले होते. मुदत संपली तरी काही दिवस आलेले फोन लागतात, मग तेही बंद होतात. तसे इशारे कंपनीने ओळीने पाठवले होते, पण मावशींना ते वाचता येत नव्हते.

“अहो, आधी नाही का यायचं?” मामा वैतागले. “बोला नंबर.”

मावशींनी दोन-दोन आकडे सांगितले. मामांनी परत वाचून दाखवले. मावशी “हो” म्हणाल्या, पैसे दिले आणि मामांनी बटण दाबलं. ऍपमधल्या मामांच्या शिलकीतून रक्कम वजा झाली. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं आणि मग आलं: प्रक्रियेत.

“गेलं का?” मावशींनी विचारलं.

“जाईल. घरी जा, मी बघतो.”

संध्याकाळपर्यंत तेच. मामांनी ऍपच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथली मुलगी गोड होती. “सर, विनंती कंपनीकडे गेलीय, उत्तर आलेलं नाही. बहात्तर तासांत यशस्वी तरी होईल, नाही तर रक्कम आपोआप तुमच्या खात्यात परत येईल. तोवर कृपया पुन्हा प्रयत्न करू नका.”

“बघ,” मामा फोन ठेवून मला म्हणाले. जणू तिने पुठ्ठाच वाचून दाखवला होता.

रविवारी त्यांनी मोबाइल कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करत माणूस मिळायला अर्धा तास गेला. तो म्हणाला, “या नंबरवर आमच्याकडे कुठलंच रिचार्ज दिसत नाही. कंपनीचा संदर्भ क्रमांक आहे का?” तो क्रमांक रिचार्ज यशस्वी झाल्यावरच मिळतो. मामांकडे होता तो ऍपचा व्यवहार क्रमांक, आणि तो कंपनीच्या काही कामाचा नव्हता. “मग जिथे पैसे भरले तिथे विचारा.” ऍप म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ऍपला विचारा. आणि गंमत म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला तर दोघांच्याही डोक्यात झेरॉक्स मशीन घालावंसं वाटत होतं.

“मामा, मारून टाका ना दुसरं,” मी म्हटलं. “दोन्ही लागली तर एक रांगेत राहील. हे संपलं की ते सुरू होईल. पुढच्या वेळचं आत्ता झालं, एवढंच.”

“आणि नाही राहिलं रांगेत, तर? तिचे दोनदा जातील. ती काय काजं विकून आणणार?”

“आपण भरू.”

“म्हणजे उद्या सगळी गल्ली हेच म्हणेल.” त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं. माझ्याकडे बघून, सख्ख्या भाचीला!

खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या फोनमध्येही ऍप होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मामांच्या दुकानात बसून, मामांचं गिऱ्हाईक, मी बाहेरून रिचार्ज करायचं? ते आठवडाभर माझ्याशी बोलले नसते. म्हणून मी गप्प बसले. याचा मला आजही राग येतो, आणि तो मामांवरचा नाही.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम वाकडी वाट करून कंपनीच्या कार्यालयात गेले. दहाला दार उघडलं. सव्वादहाला माझा नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी मावशींचा नंबर टाकून स्क्रीन माझ्याकडे वळवला. “हे बघा, आमच्यापर्यंत काही पोचलेलंच नाही. ते पैसे परत येतील तुम्हाला. इथून नवं करून देऊ का? पाच मिनिटांत फोन सुरू होईल.”

मी मामांना फोन लावला.

“नको,” मामा म्हणाले. “उद्या दुपारी बहात्तर तास होतायत. इतकं थांबलो, एक दिवस काय जातोय?”

“मामा, बाई म्हणतायत पोचलेलंच नाही.”

“त्या टेम्पोवाल्याच्या वेळीही असंच म्हणाले होते. नको म्हटलं ना!”

बाईंचं बोट बटणावर होतं. मागे रांग होती. मी म्हटलं, “राहू द्या,” आणि दुकानात येऊन कुणाच्या तरी मार्कशीटच्या प्रती काढत बसले.

मंगळवारी दुपारी ऍपचा मेसेज आला. व्यवहार अयशस्वी, रक्कम परत जमा. अगदी सांगितल्याप्रमाणे, वेळेआधी पंधरा मिनिटं. मामांचा चेहरा खुलला. “बघितलंस? एक पैसा गेला नाही कुणाचा.” त्यांनी मावशींना बोलावणं पाठवलं. नंबर पाठ असूनही त्यांच्याकडून दोन-दोन आकड्यांत वदवून घेतला. या वेळी दोन सेकंदांत काम झालं.

“आता हॉस्पिटलला लाव जरा,” मावशी मला म्हणाल्या. “चार दिवस बंद होता, सांगून ठेवलेलं बरं.”

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडच्या सिस्टरने नाव विचारलं, कागद उलटले.

“आजी, काल केला होता की आम्ही फोन! साडेदहापासून तीनदा. सेवा बंद आहे म्हणत होता. पर्यायी नंबर पण तोच लिहिलाय तुम्ही. आम्ही तरी किती थांबणार? पुढच्या पेशंटला बोलावलं मग. झालं त्यांचं ऑपरेशन.”

“आणि माझं?” मावशींनी विचारलं.

“तुमचं नाव आहे अजून यादीत. पुढचा डोळा आला की कळवू.”

“कधी येईल?”

“ते कसं सांगणार, आजी?”

फोन बंद झाला. मी मामांकडे बघितलं नाही. साडेदहाला मी त्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होते, हे मला नेमकं आठवत होतं.

मावशींनी ना आरडाओरडा केला, ना कुणाला दोष दिला. त्या फोन चाचपत म्हणाल्या, “काल मी घरीच होते हो. दिवसभर हा हातात धरून बसले होते. तुम्ही म्हणाला होतात ना, जाईल. मला वाटलं, गेलं असेल.”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांना फोन केले, ऍपला केले, कंपनीला केले. ज्यांचा फोन बंद होता, त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडच्या घरी जाऊन अजून सुरू झालेला नाही, एवढं सांगायला कुणी गेलं नव्हतं.

मामांनी खणातून पैसे काढून मावशींपुढे धरले. मावशींनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, “हे कसले? रिचार्ज तर झालं ना?” मामा नोटा पुढे धरूनच उभे राहिले. मी पहिल्यांदाच त्यांना असं बघितलं. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः हॉस्पिटलला गेले आणि पर्यायी नंबराच्या रकान्यात दुकानाचा नंबर लिहवून आले. तिथल्या कारकुनाला म्हणे त्यांनी तो दोनदा परत वाचायला लावला. पुठ्ठा आता नाही.

याला आता आठ महिने झाले. अनोळखी नंबर कधीही न उचलणारे मामा आता पहिल्या रिंगला फोन उचलतात. हातात गिऱ्हाईकाची सुट्टी नाणी असली तरी टाकून उचलतात. बहुतेक वेळा तिकडून कुणी कर्ज देऊ करत असतं. मावशी दुकानात असल्या तर फोन वाजला की मान वर करतात. मामा फोन खाली ठेवतात आणि त्यांना सांगतात, “नाही. तो नव्हता.”