बुरशी आलेली आमसुलं

आमसुलांचा आंबट वास आला की मावशीचं अंगण आठवतं. कोकमाच्या सालींना रसाची पुटं देऊन ती रोज उन्हात वाळवायची. एका वर्षी मळभ धरलं आणि सालींवर बुरशी आली. मावशीने सूप सरळ उकिरड्यावर उपडं केलं. “एवढी मेहनत फुकट?” मी म्हटलं. “ती गेलीच गो. आणखी पुटं दिली तर तीही जातील.” आत काका नेहमीसारखे तिच्याशी न बोलता जेवून उठले. “मग यांना का नाही सोडत?” मी हळूच विचारलं. “सुधारतील ही आशा केव्हाच संपली. पण आता सोडलं, तर इतकी वर्षं सोसलं ते कशासाठी?” रिकामं सूप तिने छातीशी धरलं होतं. आज बुरशी आलेली आमसुलं मीही टाकून दिली, आणि माझ्याशी न बोलणाऱ्या नवऱ्याचा डबा भरायला घेतला.