दाखल्याआधीची मुलगी

आईबापाच्या लग्नात मी पोटभर जेवले होते. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर त्यात कुणाला नवल वाटत नाही. आधी संसार मांडायचा, जमेल तेव्हा लग्न लावायचं. धवलेरीने, म्हणजे आमच्याकडे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणून त्यांचं लग्न लावलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. भाऊ पुढच्या वर्षी झाला.

मी नववीत असताना बाबांनी ते लग्न ग्रामपंचायतीत नोंदवायचं ठरवलं. विवाह निबंधक म्हणजे आमचे ग्रामसेवकच. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्न लावणारीचा अंगठा आणि तीन साक्षीदार. पहिला साक्षीदार काका. अर्ज मी भरला, कारण घरात माझंच अक्षर बरं. लग्नाची तारीख विचारली तेव्हा धवलेरीने लग्न लावलं त्या दिवसाची लिहिली. आईबाबांनी ग्रामसेवकासमोर सह्या केल्या, साक्षीदारांनीही केल्या. मी स्वतःला भारी शहाणी समजत होते. माझ्या जन्माची नोंद मात्र कुठेच नव्हती. मी घरी जन्मले, तलासरीला जाऊन नोंदवायला कुणाला सुचलं नाही.

दहा-बारा वर्षांनी बाबा गेले. त्यांच्या हिश्श्याची जमीन काकाला विकत हवी होती. आई आणि भाऊ तयार होते, मी नाही. मी वारस लागले तर माझ्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता. म्हणून वारसनोंदीला काकाने हरकत घेतली आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे गेलं.

काकाने विवाहाचा दाखला पुढे सरकवला. "लग्न या तारखेचं. पोरगी सात वर्षं आधीची. माझ्या भावाची कशावरून?"

या माणसाने मला खांद्यावर बसवून त्या मांडवात नाचवलं होतं. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी शाळेचा दाखला दाखवला, त्यात बाबांचं नाव होतं.

"शाळेत काय, सांगू ते लिहितात," काका म्हणाला.

अधिकारी वैतागले. "विवाहाच्या दाखल्यावरून लग्न झालं एवढंच कळतं. मूल कुणाचं, हे त्यावरून ठरत नाही. ते आई सांगेल." ते आईकडे वळले. "बोला, ही तुमच्या नवऱ्याचीच ना?"

मला हायसं वाटलं. पाड्यावर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आईला फक्त तोंडाने म्हणायची होती.

आदल्या दिवशी काका घरी येऊन गेला होता. भांडण कोर्टात गेलं तर तुझंही नाव जमिनीला वर्षानुवर्षं लागणार नाही, असं त्याने आईला सांगितलं होतं. आईने काकाकडे पाहिलं, मग भावाकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब," आई म्हणाली, "ती आधीचीच, माझ्यासोबत आलेली. ह्यांनी सांभाळली."