पद्मजाबाईंनी कापलेले गुण

पद्मजा धारूरकर औरंगाबादच्या एका पॉलिटेक्निकात एकवीस वर्षं इंजिनांचा विषय शिकवत होत्या. आपल्या हातून कुणावर अन्याय झाला नाही, अशी त्यांची खात्री होती. २०१३च्या दुष्काळात ती मोडली.

संध्याकाळच्या डिप्लोमाला पुंजाराम नावाचा चौतिशीतला माणूस होता. तो शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनं जोडायचा आणि डिप्लोमा झाला की सुपरवायझर होणार होता. मे महिन्यातल्या तोंडी परीक्षेत बाईंनी त्याला विचारलं, "कॉम्प्रेशन रेशो सारखाच असेल तर कार्यक्षमता कुणाची जास्त? डिझेल सायकलची की पेट्रोल सायकलची?"

"पेट्रोलची."

बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर बाई हसल्या. "मग ट्रक काय हौसेनं डिझेलवर चालतात व्हय?"

त्याचीच बोली त्यांनी त्याला ऐकवली होती. पुंजारामचा चेहरा पडला. "तसं नाय मॅडम, रेशो सारखा धरला तर..."

"पुरे!" त्यांनी पंचवीसपैकी सहा गुण दिले. पुंजाराम नापास झाला.

त्या संध्याकाळी पाण्याच्या टँकरची वाट बघताना बाईंना प्रश्नातलं आपलंच 'सारखाच' आठवलं. घरात जाऊन त्यांनी गणित मांडलं. रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते, सोळा धरला, तर पेट्रोल सायकलची, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या चक्राची, कार्यक्षमता सदुसष्ट टक्के. डिझेलची, कटऑफ रेशो, म्हणजे इंधन जळेपर्यंत आतली जागा किती पट वाढते ते, दोन असेल तर एकसष्ट, तीन असेल तर सत्तावन्न. डिझेलमध्ये पिस्टन खाली सरकत असतानाही इंधन जळत राहतं. त्या उशिरा मिळालेल्या उष्णतेला प्रसरणाला जागा कमी उरते. कटऑफ जितका लांबतो, तितकं नुकसान वाढतं. प्रत्यक्षात डिझेल वरचढ ठरतं ते सोळाचा रेशो झेपतो म्हणून. तेवढ्या दाबात पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन ठोके मारू लागतं. दरवर्षी त्या हेच तर फळ्यावर लिहायच्या.

गुणपत्रक दुसऱ्या दिवशी जायचं होतं. परीक्षकांपुढे तोंड कसं दाखवायचं, म्हणून बाई गप्प बसल्या.

ऑगस्टमध्ये कळलं, सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. मग मात्र त्यांना घास गोड लागेना. रविवारी त्या शेंद्र्याला पुंजारामच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, जपून ठेवलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी पुढं केलं.

"तुमचं उत्तर बरोबर होतं, पुंजाराम. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मी बी घरी येऊन मांडलं व्हतं, मॅडम. वाटलं, मॅडमनी बी मांडलं असंल. उद्या बोलावतील म्हणून दोन दिवस सुट्टी टाकून बसलो."

बाईंनी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, परीक्षेचं काम दोन वर्षांसाठी काढून घेतलं गेलं. पुंजारामचा निकाल दुरुस्त झाला. जागा मात्र गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी वाळूजच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर झाला, हे त्यांना दुसऱ्याच कुणाकडून समजलं. फोन करावासा वाटला. नंबरही होता. पण बाईंना धीर झाला नाही.