रेघेला टांगलेली अक्षरं

माजलगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एका मुलीनं पुस्तिका छापायला वारलेल्या वडिलांची गाण्यांची वही स्कॅन करून घेतली. "वहीच्या रेघा जादूनं गायब करतो," मी ऐटीत म्हणालो.

लांब आडव्या रेघा शोधून पुसायला संगणकाला सांगितलं. पण वडिलांनी शाळेतल्या वळणाप्रमाणं प्रत्येक अक्षर रेघेलाच टांगलं होतं. रेघांबरोबर शिरोरेषाही गेल्या, बारीक मात्रा तुटल्या. वर मी मूळ स्कॅनवरच सेव्ह करून बसलो.

"वही आण, पुन्हा करतो," ती आल्यावर मी म्हणालो.

"काका, स्कॅन हाय म्हणून आईनं ती अस्थींसंगं नदीत सोडली."

"मग शिरोरेषा मी ओढून देतो."

"नको. त्या तुमच्या होतील," ती म्हणाली.